चांदीतला फिरोजा हिरवट होत चालला आहे : स्टॅबिलाइज्ड खडा, घाम, तेल आणि जपणूक

सायली_नाशिक

नमस्कार. चांदीच्या अंगठीतल्या फिरोजाविषयी जाणकारांचे मत हवे आहे. गेल्या गुढीपाडव्याला अंगठी घेतली तेव्हा खडा स्वच्छ आकाशी होता. आता तो शेवाळी छटेकडे झुकला आहे. बदल सगळीकडे सारखा नाही. कोंदणाच्या कडेने तो जास्त दिसतो आणि मध्यभागी खडा अजून बराचसा निळा आहे.

ज्या गुरुजींनी खडा सुचवला त्यांनी तो त्वचेला टेकला पाहिजे असे सांगितल्यामुळे कोंदण खालून उघडे ठेवले आहे. घालण्यापूर्वी अंगठी रात्रभर कच्च्या दुधात आणि मधात ठेवली होती. त्यानंतर ती बोटातून क्वचितच निघते. स्वयंपाक, आंघोळ, मुलीच्या डोक्याला तेल लावणे, सगळे ती घालूनच होते. बिलावर ‘फिरोजा, इराणी’ एवढेच लिहिले आहे. दुकानदाराला दाखवले तेव्हा तो म्हणाला, “खरा खडा रंग बदलतोच, उलट ही खरेपणाची खूण समजा.”

माझे प्रश्न असे आहेत. हा रंग कशाने बदलला? ‘स्टॅबिलाइज्ड’ फिरोजा घेतला असता तर हे टळले असते का? आणि आता पुढे अंगठी कशी वापरावी आणि कशी ठेवावी?

सराफकट्टा

सायलीताई, आमचा पिढीजात व्यवसाय आहे, म्हणून सांगतो. दुकानदार चुकीचे बोललेला नाही. खाणीतून निघालेला फिरोजा अंगाची उष्णता आणि तेल घेतो आणि हळूहळू हिरवा होतो. जो वर्षानुवर्षे तसाच निळा राहतो तो स्टॅबिलाइज्ड, म्हणजे भुकटीत प्लास्टिक मिसळून दाबलेला माल असतो. त्याला आम्ही खडा मानत नाही. आपला खडा निस्तेज वाटत असेल तर बदाम तेलाचा एक थेंब कापसाने फिरवा, रंग लगेच खुलेल.

गिरगावकर

सायलीताई, बदाम तेल तूर्त लावू नका. सराफसाहेबांच्या म्हणण्यातला निम्मा भाग बरोबर आहे, पण उरलेल्या निम्म्यामुळे तुमच्या खड्याचे नुकसान होईल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. खडे तपासण्याच्या कामात माझे आयुष्य गेले आहे आणि हा प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो.

फिरोजा हा पाचू किंवा माणकासारखा एकसंध स्फटिक नसतो. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक स्फटिकांचा तो गच्च बसलेला पुंजका असतो आणि त्या स्फटिकांच्या मधे पोकळ्या राहतात. इराणमधल्या निशापूरच्या उत्तम मालात पोकळ्या फार थोड्या असतात, म्हणून तो काचेसारखा पॉलिश घेतो आणि पिढ्यान्‌पिढ्या रंग टिकवतो. हलक्या मालात त्या इतक्या असतात की खडू हातात घेतल्यासारखे वाटते. पोकळीत हवा असेल तर प्रकाश आत विखुरतो आणि खडा फिकट दिसतो. तिथे पाणी, तेल किंवा मेण शिरले की विखुरणे कमी होऊन रंग गडद होतो. कोऱ्या पणतीत तेल घातल्यावर तिची माती काळपट होते, तसेच हे घडते.

म्हणजे बदाम तेलाने रंग ‘खुलतो’ हे सराफसाहेबांचे निरीक्षण अगदी खरे आहे. अडचण नंतरची आहे. ते तेल पोकळ्यांमध्ये राहते, हवेने जुने होते आणि पिवळे पडते. निळ्या खड्यात पिवळे तेल बसले की डोळ्यांना हिरवे दिसते. तुमच्या बोटावर हेच झाले असावे असा माझा अंदाज आहे, फक्त तेलाचे नाव वेगळे आहे.

दुसरी गोष्ट. भुकटी किंवा चुरा राळेत घालून दाबलेल्या मालाला रिकन्स्टिट्यूटेड म्हणतात. स्टॅबिलाइज्ड खडा हा खाणीतून निघालेला सलग दगडच असतो आणि त्याच्या पोकळ्यांमध्ये राळ मुरवलेली असते. दोन्ही एकाच पारड्यात टाकणे योग्य नाही. दुकानांत ही दोन नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, हे मात्र मान्य करावे लागेल.

आता दोन गोष्टी पाहून सांगा. सकाळच्या उजेडात, उन्हात नव्हे, खिडकीपाशी अंगठी उलटी धरून खड्याची मागची बाजू पाहा. ती पुढच्या बाजूपेक्षा जास्त हिरवी आहे का? मग अंगठी पुसून एक दिवस न घालता ठेवा आणि मागच्या बाजूवर पिण्याच्या पाण्याचा एक छोटा थेंब ठेवून दहा मिनिटांनी टिपा. खाली गडद डाग राहतो का आणि तो किती वेळाने जातो, ते पाहा.

कुडाळकरीण

माझेही असेच झाले आहे! माझ्या पोवळ्याच्या अंगठीचा रंग बराच उडाला आहे आणि वरची चकाकी जाऊन तो खडबडीत लागतो. आमच्याकडे दमट हवेमुळे घाम फार येतो. पोवळे स्टॅबिलाइझ करून मिळते का? आणि तेल लावल्याने पूर्ववत होईल का?

गिरगावकर

कुडाळकर ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. पोवळे म्हणजे मुख्यतः चुन्याचाच पदार्थ आहे आणि घामातले किंवा लिंबू-कोकमातले आम्ल त्याचा पृष्ठभाग खाते, म्हणून चकाकी जाऊन हाताला खरखर लागते. फिरोजात बहुधा काहीतरी आत शिरते, तर पोवळ्यात वरचा थर निघून जातो. चांगला कारागीर पोवळे पुन्हा पॉलिश करून देऊ शकतो, पण आधी त्याचा रंग मुळातला होता की चढवलेला, हे पाहून घ्या. रंग फिका होत असेल तर मला दुसरी शंका जास्त वाटते.

सायली_नाशिक

गिरगावकर काका, सांगितल्याप्रमाणे पाहिले. मागची बाजू पुढच्यापेक्षा स्पष्ट हिरवी आहे. पाण्याचा थेंब टिपल्यावर खाली गडद वर्तुळ राहिले आणि जवळजवळ अर्ध्या तासाने ते दिसेनासे झाले. पुढच्या बाजूवर तोच प्रयोग केला तेव्हा काहीच डाग राहिला नाही.

गिरगावकर

छान पाहिलेत. पुढची बाजू पॉलिश केलेली असल्याने तिथली तोंडे बऱ्यापैकी मिटलेली असतात. मागची बाजू कारागीर बहुधा फक्त घासून सपाट करतो. थेंब तिथे मुरला, म्हणजे पोकळ्या उघड्या आहेत. राळ नीट भरलेली असती तर पाणी असे आत गेले नसते. तुमचा खडा एकतर काहीही न केलेला आहे किंवा त्याला फक्त मेण दिलेले आहे आणि ते मागच्या बाजूने निघून गेले आहे.

खालून उघडे कोंदण इथे महत्त्वाचे ठरते. खड्याची सर्वांत कमकुवत, न पॉलिश केलेली बाजू चोवीस तास त्वचेला टेकून राहते, तिथे घाम वाळायला वाव नसतो आणि आंघोळीचा साबण, हाताचे क्रीम, दिवाळीचे उटणे, सगळे त्याच खळग्यात साचते. मागून शिरलेले तेल पुढे यायला वेळ लागतो, म्हणून तुमच्या खड्याचा मधला भाग अजून निळा आहे. रात्रभर दुधात ठेवल्याने सुरुवातीलाच थोडे स्निग्ध आत गेले असणार, पण सगळा दोष त्या एका रात्रीवर टाकणे बरोबर होणार नाही.

वाळवंटी_मराठी

मी अॅरिझोनात राहतो आणि इथे फिरोजा हा रोजच्या बाजारातला विषय असल्याने थोडी भर घालतो. ग्लोब गावाजवळच्या ‘स्लीपिंग ब्यूटी’ खाणीतला एकसारखा आकाशी खडा जगभर गेला. 2012 साली तिथले फिरोजाचे काम थांबले आणि तेव्हापासून जुना साठा महाग होत गेला. किंगमन खाणीचा माल अजून मिळतो आणि तिथून निघणारा पुष्कळसा माल खडूसारखा मऊ असल्याने राळ न भरता कापताच येत नाही. चाकावर धरला की त्याचे तुकडे पडतात.

इथल्या एका कारागिराकडे ही प्रक्रिया पाहिली आहे. कच्चे तुकडे आधी मंद उष्णतेवर पूर्ण वाळवतात, कारण आत ओल राहिली तर राळ तेवढ्या भागात शिरत नाही. मग ते पातळ केलेल्या राळेत बुडवून निर्वात भांड्यात ठेवतात. आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते, बुडबुडे थांबले की दाब देऊन राळ आत ढकलतात आणि शेवटी उष्णतेने ती घट्ट करतात. त्यानंतर खडा कापतात. त्याने एक तुकडा मधोमध कापून दाखवला, त्यात बाहेरचा भाग गडद निळा आणि गाभा पांढुरका होता. राळ गाभ्यापर्यंत पोचलीच नव्हती. तो म्हणाला की असा तुकडा तो फेकतो, पण सगळेच फेकतात असे नाही.

त्यामुळे सायलीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते असे : नीट स्टॅबिलाइझ केलेला खडा तेल फारच कमी घेतो, पण अर्धवट केलेला खडा झिजला किंवा त्याचा टवका उडाला की आतून साध्या खड्यासारखाच वागतो.

प्रयोगवही

मी रसायनशास्त्र शिकवते, खड्यांचे ज्ञान नाही, म्हणून शंका विचारते. फिरोजाचा निळा रंग तांब्यामुळे असतो आणि घाम सौम्य आम्लधर्मी व खारट असतो. मग हिरवा रंग हा तेलाचा पिवळेपणा नसून तांब्याची क्लोराइडशी झालेली अभिक्रिया कशावरून नाही? चांदीच्या दागिन्यातही तांबे मिसळलेले असते आणि त्यावर हिरवट थर येताना आपण पाहतो.

गिरगावकर

प्रयोगवही ताई, शंका रास्त आहे आणि तिचे पूर्ण उत्तर माझ्याकडे आहे असा दावा मी करणार नाही. फिरोजा हा तांबे आणि अॅल्युमिनियमचा फॉस्फेट आहे आणि तीव्र आम्लात तो विरघळतो, हे खरे आहे. पण वर्षभराच्या वापरात घामाने खड्याच्या अंगातले तांबे मोठ्या प्रमाणात सुटत असते तर पॉलिश आधी गेले असते. सायलीताईंच्या खड्याचे पॉलिश शाबूत दिसते. खड्याचा मुळातला हिरवेपणा तर वेगळाच असतो. तो अॅल्युमिनियमच्या जागी आलेल्या लोहामुळे असतो आणि खाणीतूनच तसा येतो.

धातूचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यावा. चांदीत मिसळलेल्या तांब्यावर घामाने हिरवा थर येतो आणि तो खड्याच्या कडेला मुरू शकतो. त्यामुळे फक्त कडेची हिरवी रेघ दिसली तर मी आधी कोंदणाकडे बोट दाखवतो आणि मागचा सगळा भाग हिरवा दिसला तर तेलाकडे. इथे दोन्ही खुणा आहेत, म्हणून खडा बाहेर काढून पाहिल्याशिवाय वाटणी करता येणार नाही.

भोळासांब

सगळे शास्त्र मान्य, पण एक विचारतो. आमच्याकडे असे मानतात की फिरोजा धारण करणाऱ्यावरचे संकट स्वतःवर घेतो आणि म्हणून काळवंडतो किंवा तडकतो. सलमान खानच्या कड्यामुळे तर आमच्या भागातल्या निम्म्या मुलांच्या हातात तो दिसतो. माझाही तसाच आहे, कड्यातला आहे आणि तो हिरवा झालेला नाही, उलट पांढुरका होत चालला आहे. पाण्यात बुडवला की पुन्हा निळा दिसतो आणि वाळला की फिका. याचा अर्थ काय लावायचा?

गिरगावकर

श्रद्धेविषयी मी काही बोलणार नाही. पण तुमचे निरीक्षण उपयोगाचे आहे. पाण्यात निळा आणि वाळल्यावर फिका, याचा अर्थ पोकळ्या रिकाम्या होत आहेत. विक्रीपूर्वी खड्याला मेण किंवा तेल देऊन रंग उठवलेला असावा आणि ऊन, गरम पाणी, साबण यांनी ते निघून गेले असावे. कडे गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवता का? तिथल्या उन्हाळी तापमानाला मेण सहज मऊ होते. दुसरी शक्यता अशी की तो फिरोजाच नाही. मॅग्नेसाइट किंवा हाउलाइट हे मुळात पांढरे दगड निळ्या रंगात बुडवून याच नावाने विकतात आणि त्यांचा रंग घामाने व घासण्याने उतरतो. कापसाचा बोळा अॅसिटोनमध्ये किंचित ओला करून खड्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर एकदाच टेकवा. कापूस निळा झाला तर रंग दिलेला आहे. निळा झाला नाही तर एवढ्यावरून तो खरा ठरत नाही, कारण राळेत कोंडलेला रंग बोळ्याला लागत नाही.

सराफसाहेबांच्या ‘रंग बदलतो तो खरा’ या नियमाला इथे तडा जातो. रंगवलेला मॅग्नेसाइटही बदलतो आणि निशापूरचा गच्च खडा वर्षानुवर्षे जवळजवळ बदलत नाही.

सराफकट्टा

रिकन्स्टिट्यूटेडचा फरक आपण सांगितलात, तो मान्य करतो. आमच्याकडे दोन्हींना एकच शब्द चालतो. पण गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहा. राळ भरलेला खडा न केलेल्या खड्याच्या भावात विकला जातो आणि बिलावर तसे लिहिलेले नसते, ही आमची खरी तक्रार आहे. गरम सुई टोचून प्लास्टिकचा वास आला की आम्हाला कळते, पण गिऱ्हाईक ते कसे करणार?

गिरगावकर

सुईने खड्याला कायमचा डाग पडतो, म्हणून बसवलेल्या खड्यावर ती वापरू नये. प्रयोगशाळेत अवरक्त किरणांनी राळ किंवा मेण काही न बिघडवता ओळखता येते. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, जयपूरलाही चांगली तपासणी होते. अहवाल घेताना ‘नैसर्गिक’ या शब्दावर समाधान मानू नका. त्यापुढे प्रक्रियेविषयी काय लिहिले आहे ते वाचा, कारण राळ भरलेला खडाही दगड म्हणून नैसर्गिकच असतो.

एक अपवाद सांगायला हवा. 1980च्या दशकात अमेरिकेत झॅकरी नावाच्या विद्युत अभियंत्याने एक पद्धत काढली, तीत राळ किंवा मेण काहीच भरत नाहीत, तरीही खडा कमी सच्छिद्र होतो आणि चांगले पॉलिश घेतो. अवरक्त तपासणीत अशा खड्यात परके काही दिसत नाही. खड्यात पोटॅशियमचे प्रमाण नेहमीपेक्षा वाढलेले असते, म्हणून त्यासाठी वेगळी रासायनिक तपासणी लागते. त्वचेचे तेल न घेण्याच्या बाबतीत तो खडा चांगला वागतो, पण तो न केलेला खडा नव्हे.

वाळवंटी_मराठी

स्टॅबिलाइज्ड खड्याविषयी अजून एक गोष्ट सांगायची राहिली. इथे जुन्या दागिन्यांतले राळ भरलेले काही खडेही हिरवट पिवळे झालेले पाहिले आहेत आणि ते कोणी बोटात घातलेलेही नव्हते, दुकानाच्या काचेच्या कपाटात उजेडात होते. इपॉक्सी राळ प्रकाशाने पिवळी पडते. म्हणजे आत पिवळे तेल नसले तरी पिवळी राळ असते आणि परिणाम तोच दिसतो. नव्या राळा याबाबतीत बऱ्या आहेत असे विक्रेते म्हणतात, पण ते त्यांचे म्हणणे आहे.

सायली_नाशिक

कळवायला उशीर झाला. ओळखीच्या सोनाराकडून खडा काढून घेतला. त्याला आधीच सांगितले होते की गॅसची ज्योत जवळ आणायची नाही. त्याने कोंदणाची कड पातळ पट्टीने उचलून खडा मोकळा केला.

खाली जे दिसले ते इथे सांगण्यासारखे आहे. कोंदणाच्या आतल्या काठावर खडा जिथे टेकला होता, तिथे मागच्या बाजूला चारही अंगांनी फिकट निळी पट्टी राहिली आहे आणि तिच्या आतला, त्वचेला टेकणारा गोल भाग शेवाळी झाला आहे. दोन्हींच्या मधली सीमा रेघ ओढल्यासारखी नाही, हिरवा रंग निळ्यात थोडा पसरला आहे. पट्टीच्या बाहेरच्या कडेला, चांदीला चिकटून, काळपट हिरवा मळ होता. तो लाकडी टूथपिकने काढल्यावर खाली खडा थोडा डागाळलेला दिसला.

मुंबईला तपासणीही करून घेतली. अहवालात नैसर्गिक फिरोजा, मेणाचा अंश आढळला, राळ आढळली नाही, असे आहे. उगमस्थान लिहिलेले नाही.

गिरगावकर

तुम्ही लिहिलेले चित्र इतके स्पष्ट आहे की प्रयोगवही ताईंच्या शंकेचे बरेचसे उत्तर त्यात मिळते. आतला गोल तेलाने आणि घामाने झालेला आहे, बाहेरची डागाळलेली कड बहुधा चांदीतल्या तांब्याच्या मळाने. निळी पट्टी हा तुमच्या खड्याचा मूळ रंग आहे, तो फोटो काढून ठेवा. उगमस्थान न लिहिलेले पाहून निराश होऊ नका. फिरोजाचे ते ठरवणे कठीण असते. पण मग बिलावरच्या ‘इराणी’ या शब्दाला काही आधार नाही, हेही लक्षात ठेवा.

प्रयोगवही

बरेचसे उत्तर मिळाले, पूर्ण नाही. त्वचेला टेकणाऱ्या भागाला तेल आणि क्षार दोन्ही मिळाले आहेत, त्यामुळे तो गोल फक्त तेलाचा आहे हे या खुणेवरून सिद्ध होत नाही. पण मुद्दा कळला.

सायली_नाशिक

आता दोन पर्याय समोर आहेत. एक तर खडा आहे तसा पुन्हा बसवायचा, किंवा आतले तेल काढायचा प्रयत्न करायचा. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवल्याने निळा रंग परत येतो असे वाचले. करून पाहावे का? आणि पुन्हा बसवताना कोंदण खालून बंद करावे का? गुरुजींची अट मोडायची माझी तयारी नाही.

वाळवंटी_मराठी

इथे संग्राहकांपैकी काही जण पेरॉक्साइड वापरतात. एका खड्याचा हिरवेपणा खरोखर कमी झालेला मी पाहिला आहे. काही महिन्यांनी तो पुन्हा हिरवट झाला, कारण वापर तसाच चालू होता. दुसरे असे की इथले अनेक लोक हिरवा झालेला फिरोजा मुद्दाम तसाच ठेवतात. आजोबांच्या अंगठीचा रंग वापराने बदललेला असतो आणि तो ‘सुधारणे’ त्यांना पटत नाही.

गिरगावकर

माझे मत पेरॉक्साइडच्या विरुद्ध आहे. ते आतले मेणही हलवते. रंग उजळला तरी पोकळ्या पूर्वीपेक्षा जास्त मोकळ्या होतात, म्हणजे पुढचे तेल अधिक वेगाने आत जाईल. भोळासांबांसारखा पांढुरका खडा हाती यायचा. अॅसिटोनने तेल ओढता येते, पण तोच धोका आहे. बदल उथळ असेल तर मागचा पातळ थर घासून काढण्याचे काम जयपूरचे किंवा खंबातचे कारागीर करतात. ते काम पाण्याखाली सावकाश करावे लागते आणि खडा किती जाड उरतो हे आधी मोजून घ्यावे. तुमच्या जागी मी असतो तर मागची बाजू घासून पॉलिश करून घेतली असती आणि पुढची बाजू आहे तशी ठेवली असती. मागे पॉलिश आले तर खडा त्वचेला टेकूनही पूर्वीपेक्षा कमी घेईल. त्यावर पारदर्शक नेलपेंट लावण्याचा सल्लाही तुम्हाला कोणी देईल, तो ऐकू नका. तो थर कडेने सुटतो आणि मधे ओल धरून ठेवतो.

सराफकट्टा

इथे मी गिरगावकरांशी सहमत नाही. एवढ्या मऊ खड्यावर पुन्हा चाक लावणे म्हणजे तडकण्याची जोखीम, आणि तडकला तर कारागीर हात वर करतो. त्यापेक्षा पातळ मेण देऊन मागे चांदीचा पत्रा लावावा आणि पत्र्याला मधे लहानसे छिद्र ठेवावे. स्पर्शाची अट पाळली जाईल आणि उघडा भाग राईएवढा राहील. आमच्याकडे अशा अंगठ्या करून दिल्या आहेत.

गिरगावकर

छिद्राची कल्पना चांगली आहे, फक्त त्या छिद्रात साचणारा मळ काढत राहावा लागेल. पत्रा झाळताना खडा कोंदणात नसावा, हे मात्र प्रत्येक वेळी बजावून सांगा. फिरोजाच्या अंगात पाणी असते. ज्योतीने ते गेले की खडा तपकिरी पडतो आणि मग कोणताही उपाय नाही.

आता वापराविषयी. अंगठी सगळ्यात शेवटी घालायची आणि सगळ्यात आधी काढायची. तेल, क्रीम, अत्तर, सॅनिटायझर यांनी हात पूर्ण कोरडे झाल्यावर ती बोटात जावी. आंघोळ, कणीक मळणे, भांडी, लिंबू-चिंच, मेंदी, पोहण्याचा तलाव, या सगळ्यांत ती बोटात नसावी. संध्याकाळी काढल्यावर ओलसर मऊ सुती कापडाने पुढून-मागून पुसा आणि उलटी ठेवून मागची बाजू हवेवर वाळू द्या. पदराला घासून चमकवू नका. घरातल्या धुळीत वाळूचे कण असतात, ते फिरोजापेक्षा कठीण असतात, आणि पॉलिशवर बारीक ओरखडे पडले की तिथून तेल शिरायला वाट मिळते.

चांदी काळी पडल्यावर दुकानात ती डिपमध्ये बुडवून क्षणात पांढरी करून देतात. त्या द्रावात आम्ल असते. फिरोजा असलेला दागिना त्यात कधीही बुडवू देऊ नका, अल्ट्रासॉनिक यंत्रात नको, वाफेखाली नको आणि रिठ्याच्या उकळत्या पाण्यातही नको. चांदी पुसायच्या कापडाने फक्त धातू पुसा, खड्यावर ते फिरवू नका.

कुडाळकरीण

आणि ठेवताना? आमच्याकडे पावसाळ्यात मखमली डबीला बुरशी येते.

गिरगावकर

मखमली डबीपेक्षा धुतलेल्या मलमलची छोटी पिशवी बरी आणि ती पिशवी झाकणाच्या डब्यात. प्रत्येक दागिना वेगळा, कारण शेजारी माणिक किंवा हिरा असेल तर तो फिरोजाला ओरबाडतो. सराफ देतात तो गुलाबी कागद मात्र काढून टाका. तो दमट हवेत ओलसर झाला की त्याचा रंग सुटतो आणि सच्छिद्र खडा तो पिऊन घेतो. गुलाबी छटेचे फिरोजे माझ्याकडे तपासणीला आलेले आहेत. कोकणात डब्यात सिलिका जेलची एक लहान पुडी चांदीसाठी ठेवायला हरकत नाही, पण विदर्भाच्या उन्हाळ्यात ती काढा. अति कोरड्या हवेने खडा फिका पडू शकतो. उन्हाची खिडकी, ओव्हनच्या वरचे कपाट, गाडी, या जागा टाळा.

भोळासांब

कडे गाडीतच असते. अॅसिटोनचा बोळा टेकवला, कापूस पांढराच राहिला.

गिरगावकर

मग ते कडे आधी गाडीतून बाहेर काढा. रंग वरवर दिलेला नाही एवढेच आत्ता म्हणता येईल. पुढचे तपासणीशिवाय सांगता येणार नाही. ती करेपर्यंत तेल किंवा मेण काही लावू नका, नाहीतर अहवालात तेच दिसेल.

सायली_नाशिक

सर्वांचे आभार. सराफसाहेबांनी सुचवलेला छिद्राचा पत्रा करून घेणार आहे. चाक लावायचे की नाही, हे खड्याची जाडी मोजल्यावर ठरवीन. सोनाराच्या मते तो कडेला जेमतेम दोन मिलिमीटर आहे.

गिरगावकर

कडेला दोनच असेल तर चाक नको, सराफसाहेबांचे ऐका. पत्र्याचे काम होईपर्यंत खडा मलमलमध्ये गुंडाळून ठेवा आणि हातात घ्यायचा झाला तर आधी हात साबणाने धुऊन कोरडे करा.